श्रीहरिकोटा, अक्षांश आणि पृथ्वीचं फिरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्रोचं प्रक्षेपण झालं की त्याच त्या शंका पुन्हा येतात. विषुववृत्ताचा फायदा किती, रॉकेट पूर्वेलाच का जातं, पीएसएलव्ही मध्येच वळतं कशासाठी, कोकणात तळ का नाही? त्या शंका इथे सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. उदाहरणं मुख्यतः श्रीहरिकोट्याची आहेत. आकडे हाताने पडताळता येतील इतपत पूर्णांकात आणले आहेत.

१. पृथ्वी फिरते याचा रॉकेटला नेमका किती फायदा होतो?

विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने सरकत असते. उत्तरेला किंवा दक्षिणेला जावं तसं अक्षाभोवतीचं वर्तुळ लहान होतं, म्हणून हा वेग अक्षांशाच्या कोसाइनने कमी होतो. श्रीहरिकोटा १३.७ अंश उत्तरेला आहे, तिथे तो ४५२ मीटर आहे. फ्रेंच गयानातल्या कुरूला (५.२ अंश) ४६३, फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलला (२८.५ अंश) ४०९ आणि कझाकस्तानातल्या बैकानूरला (४६ अंश) ३२३.

पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. त्यातले ४५२ मीटर, म्हणजे जेमतेम सहा टक्के, रॉकेटला तळावर उभं असतानाच मिळालेले असतात. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण रॉकेटमध्ये वेगाच्या शेवटच्या काही शे मीटरांसाठी लागणारं इंधन थेट उपग्रहाच्या वजनातून वजा होतं. एक अट मात्र आहे: हा पूर्ण फायदा फक्त सरळ पूर्वेला जाणाऱ्याला मिळतो. बाकीच्यांचं काय होतं ते प्रश्न ६ मध्ये आहे.

२. रॉकेट जमीन सोडतं, मग जमिनीचा वेग त्याच्याकडे कसा राहतो?

जमीन सोडल्याने वेग जात नाही. तो काढून घ्यायला एखादं बल लागतं आणि असं बल इथे कोणी लावत नाही. हवाही जमिनीबरोबरच फिरत असल्याने ती रॉकेटला मागे ओढत नाही.

गोंधळ होतो तो वेग कशाच्या तुलनेत मोजायचा यावरून. ७.८ किलोमीटर हा आकडा पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भातला आहे, फिरत्या जमिनीच्या नव्हे. उपग्रह पृथ्वीभोवती पडत राहतो तो गुरुत्वाकर्षणामुळे, आणि खाली जमीन फिरते आहे की थांबली आहे याच्याशी गुरुत्वाकर्षणाला देणंघेणं नाही. त्या केंद्राच्या दृष्टीने श्रीहरिकोट्याच्या तळावर उभं रॉकेट आधीच पूर्वेला ४५२ मीटरने चाललेलं असतं. विमानाला हा फायदा मिळत नाही, कारण त्याला हवेच्या तुलनेत वेग हवा असतो आणि हवा जमिनीसोबत फिरते.

३. कक्षेचा कल म्हणजे काय? आणि तो तळाच्या अक्षांशापेक्षा कमी का होत नाही?

उपग्रहाच्या कक्षेचं प्रतल आणि विषुववृत्ताचं प्रतल यांच्यातला कोन म्हणजे कल. विषुववृत्तावरूनच फिरणाऱ्या उपग्रहाचा कल ०, ध्रुवांवरून जाणाऱ्याचा ९०. त्याहून जास्त कल असेल तर उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट, पश्चिमेकडे झुकून जातो.

कक्षेचं प्रतल नेहमी पृथ्वीच्या केंद्रातून जातं. रॉकेट श्रीहरिकोट्याहून निघालं आणि कुठे बाजूला वळलं नाही, तर ते प्रतल श्रीहरिकोट्याच्या डोक्यावरूनही जायलाच हवं, म्हणजे उपग्रह निदान १३.७ अंश उत्तरेपर्यंत चढणार. ९० पर्यंतच्या कलात उपग्रह उत्तरेला व दक्षिणेला जेवढ्या अक्षांशापर्यंत पोचतो तेवढाच त्याचा कल असतो. त्यामुळे श्रीहरिकोट्याहून थेट मिळणारा सर्वांत कमी कल १३.७ अंशच. ही भूमिती आहे, रॉकेट कितीही ताकदवान असलं तरी ती बदलत नाही. वाटेत वळून तिच्यातून सुटता येतं, त्याची किंमत प्रश्न ११ मध्ये पाहा.

४. रॉकेट कोणत्या दिशेला सोडलं यावरून कल कसा काढायचा?

दिशा दिगंशात मोजतात: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०. मग सूत्र एवढंच:

```
cos(i) = cos(lat) * sin(az)
i = कल, lat = तळाचा अक्षांश, az = दिगंश
```

श्रीहरिकोट्यासाठी दिगंश ९० घेतला तर कल १३.७ येतो. ९५ घेतला तरी १४.६, म्हणजे दिशा पाच अंश बदलूनही कल एक अंशाने वाढला. पुढे वाढ झपाट्याने होते: १०२ ला १८, १०४ ला १९.५ आणि १४० ला ५१. सरळ पूर्वेच्या आसपास थोडं इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही, दक्षिणेकडे कललं की प्रत्येक अंश जवळजवळ पूर्ण मोजावा लागतो.

इथे बरेच जण एका ठिकाणी चुकतात. सूत्रातला दिगंश पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भातला आहे, तळावरून दिसणारा नव्हे. जमिनीचे ४५२ मीटर पूर्वेकडे मिसळल्यामुळे दोन्हींत काही अंशांचा फरक पडतो. पूर्वेच्या प्रक्षेपणात तो नगण्य असतो. १४० च्या आसपास मात्र जमिनीवरून १४० दिसणारी दिशा प्रत्यक्षात १३७ च्या जवळ असते आणि कल ५१ ऐवजी ४९ येतो.

५. मग इस्रो सरळ पूर्वेलाच, ९० अंशांवर, का सोडत नाही?

नकाशावर श्रीहरिकोट्याहून सरळ पूर्वेला रेषा ओढून पाहा. ती उत्तर अंदमानवरून जाते आणि पुढे म्यानमार, थायलंडच्या भूमीला लागते. जळून रिकामे झालेले टप्पे आणि बिघाड झाल्यास पडणारे तुकडे समुद्रातच पडले पाहिजेत, म्हणून दिशा थोडी दक्षिणेकडे ठेवतात.

चांद्रयान-१ नेणारं पीएसएलव्ही २००८ मध्ये गेलं तेव्हा सुरुवातीच्या कक्षेचा कल १८ अंशांच्या आसपास होता. जीएसएलव्ही साधारण १०४ अंशांवर सोडतात आणि त्याची कक्षा १९ ते २१ अंशांच्या दरम्यान येते. वरच्या सूत्राशी हे जुळतं. अक्षांश १३.७ असला तरी व्यवहारातला तळाचा किमान कल १८-१९ धरावा, असं आम्ही नेहमी सांगतो.

६. विषुववृत्ताजवळचा तळ प्रत्येक उपग्रहासाठी जास्त फायद्याचा असतो ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

समजा उपग्रहाचा कल आधीच ठरला आहे, ५१.६ अंश, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा. विषुववृत्तावरच्या तळावर जमीन ४६५ मीटरने फिरते, पण ५१.६ च्या कलासाठी रॉकेटला बरंच उत्तरेकडे तोंड करून निघावं लागतं, दिगंश ३८ च्या आसपास. जमिनीच्या वेगाचा त्या दिशेला पडणारा भाग २८९ मीटर. आता बैकानूर घ्या. तिथे जमीन फक्त ३२३ मीटरने फिरते, पण तिथून ५१.६ ला जायला दिशा पूर्वेकडे बरीच झुकलेली, दिगंश ६३ च्या आसपास. त्या दिशेला पडणारा भाग पुन्हा २८९ मीटरच.

हा योगायोग नाही. प्रश्न ४ चं सूत्र आणि प्रश्न १ चा कोसाइन एकत्र मांडले तर अक्षांश दोन्हीकडून छेदून जातो आणि उरतं ते असं:

```
फायदा ≈ 465 * cos(i)   मीटर प्रति सेकंद
```

म्हणजे फायदा कलावर ठरतो, तळाच्या अक्षांशावर जवळजवळ नाही. अक्षांश ठरवतो ते एवढंच, की कोणता कल तुम्हाला न वळता मिळू शकतो. कमी अक्षांशाचा तळ चांगला आहे तो त्याच्यासाठी कमी कलाची दारं उघडी असतात म्हणून. ज्याला जास्त कलाचीच कक्षा हवी, त्याला विषुववृत्त गाठून वेगात काही मिळत नाही.

७. भूस्थिर उपग्रहांसाठी मात्र कुरूलाच जातात. तिथे किती वाचतं?

भूस्थिर कक्षेचा कल ० लागतो, म्हणून अक्षांशाचा खरा हिशेब इथे होतो. रॉकेट उपग्रहाला एका लांबट कक्षेत सोडतं. तिचं खालचं टोक सुमारे १८० किलोमीटरवर आणि वरचं ३६,००० किलोमीटरवर असतं. वरच्या टोकाला उपग्रहाचा वेग फक्त १.६ किलोमीटर असतो. तिथे स्वतःचं इंजिन पेटवून त्याला तो ३.०७ पर्यंत न्यायचा असतो आणि त्याच वेळी कलही ० करायचा असतो. वेग कमी असताना दिशा बदलणं स्वस्त, म्हणून दोन्ही कामं एकत्र वरच करतात.

कुरूहून कक्षा ६ अंश कलाची मिळते आणि उपग्रहाला सुमारे १,४९० मीटरचा वेगबदल लागतो. श्रीहरिकोट्याहून १९.५ अंश मिळतात, तिथे १,६५५. केप कॅनाव्हरलहून २८.५ अंश, तिथे १,८३५. लांबट कक्षेत ३,००० किलोचा उपग्रह असेल आणि त्याचं इंजिन नेहमीच्या द्रव इंधनाचं असेल, तर कुरूच्या तुलनेत श्रीहरिकोट्याहून गेलेल्याकडे भूस्थिर जागेवर पोचेपर्यंत सुमारे ९५ किलो इंधन कमी उरतं. जागेवर टिकून राहायला वर्षाला ३० किलोच्या आसपास लागतं असं धरलं, तर उपग्रहाच्या आयुष्यातली ही तीनेक वर्षं आहेत.

जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये कुरूहून एरियन-५ ने गेला, याचं कारण मात्र अक्षांश नव्हतं. त्याचं वजन ५,८५४ किलो होतं आणि तेवढं उचलणारं भारतीय रॉकेट नव्हतं.

८. पीएसएलव्ही दूरसंवेदन उपग्रह नेताना मध्येच उजवीकडे का वळतं?

हे उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत जातात, म्हणजे कुठल्याही ठिकाणावरून दर वेळी साधारण त्याच स्थानिक वेळेला नेणाऱ्या कक्षेत. ५०० किलोमीटर उंचीला त्यासाठी कल सुमारे ९७.५ अंश लागतो, म्हणजे दक्षिणेला जाताना किंचित पश्चिमेकडे झुकून. हिशेब करून पाहू.

त्या उंचीवर कक्षेतला वेग सेकंदाला ७,६१३ मीटर. ९७.५ च्या कलासाठी श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर त्यातले ७,५४४ मीटर दक्षिणेकडे आणि १,०२३ पश्चिमेकडे हवेत. पण रॉकेट पूर्वेकडे ४५२ मीटरने निघालेलं आहे. ते आधी रद्द करावे लागतात, म्हणून पश्चिमेकडे प्रत्यक्ष १,४७५ मीटर कमवायचे. एकूण वेग होतो ७,६८७ मीटर. सरळ पूर्वेला गेलं असतं तर ७,६१३ वजा ४५२, म्हणजे ७,१६१ पुरले असते. ५२६ मीटरचा फरक. इथे पृथ्वीचं फिरणं मदत करत नाही, थोडं नडतं.

यावर आणखी एक अडचण येते. या दिशेने सरळ निघालं तर वाटेत तमिळनाडूचा किनारा आणि श्रीलंका. म्हणून रॉकेट आधी १४० अंशांवर, आग्नेयेला समुद्रावर काढतात आणि मग उजवीकडे वळवून दक्षिणेला लावतात. वळण जितकं लवकर घ्यावं तितकं स्वस्त: वेग २ किलोमीटर असताना दहा अंश वळायला सुमारे ३५० मीटर लागतात, ७.६ किलोमीटर असताना तेवढंच वळायला १,३२५. पण फार लवकर वळलं तर टप्पे पडण्याच्या जागा श्रीलंकेजवळ सरकतात. या दोन्हींच्या मधली वेळ शोधावी लागते आणि वळणात गेलेलं इंधन उपग्रहाच्या वजनातूनच कापलं जातं. वळण घेतलंच नाही तर प्रश्न ४ प्रमाणे कल ५० च्या आसपास अडकतो.

९. कुलशेखरपट्टिनमचा नवा तळ विषुववृत्ताच्या जवळ आहे म्हणून बांधताहेत का?

तो ८.४ अंशांवर आहे हे खरं, आणि जमिनीचा वेग तिथे ४६० मीटर, श्रीहरिकोट्यापेक्षा ८ मीटर जास्त. पण तूत्तुकुडी जिल्ह्यातला हा तळ मुख्यतः एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटसाठी आहे आणि त्याचा भर सूर्यसमकालिक कक्षांवर आहे. वरचा ९७.५ अंशांचा हिशेब ८.४ अक्षांश घालून पुन्हा केला तर लागणारा वेग तोच, ७,६८७ मीटर येतो. प्रश्न ६ मधला नियम इथेही लागू.

फायदा आहे तो दक्षिणेला मोकळ्या समुद्राचा. श्रीलंका डावीकडे राहते, वळण घ्यावंच लागत नाही. छोट्या रॉकेटला हे वळण मोठ्यापेक्षा जास्त जड जातं, कारण त्याच्या क्षमतेतला मोठा हिस्सा त्यातच संपतो. २८ फेब्रुवारी २०२४ ला या तळाची पायाभरणी झाली.

१०. कोकण किनाऱ्यावर तळ का नाही? रत्नागिरीचा अक्षांश काही वाईट नाही.

अक्षांश खरंच वाईट नाही. १७ अंशांवर जमीन ४४५ मीटरने फिरते, श्रीहरिकोट्यापेक्षा फक्त ७ मीटर कमी. अडचण पूर्वेला आहे: सह्याद्री, मग दख्खन, मग आंध्र आणि तेलंगण. सगळे टप्पे वस्तीवर पडतील. पश्चिमेला समुद्र मोकळा आहे, पण तिकडे सोडलं तर ४४५ मीटर मिळण्याऐवजी भरावे लागतील. केरळातलं थुंबा ८.५ अंशांवर असूनही तिथून उपग्रह सोडत नाहीत, त्याचंही कारण हेच. थुंब्याची निवड चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जातं म्हणून झाली होती आणि ते केंद्र वर जाऊन परत पडणाऱ्या संशोधन रॉकेटांसाठी आहे.

११. ॲस्ट्रोसॅटचा कल ६ अंश आहे. १३.७ पेक्षा कमी कसा?

प्रश्न ३ मधल्या नियमाला ‘वाटेत न वळता’ ही अट आहे, आणि ॲस्ट्रोसॅटसाठी पीएसएलव्ही वळलं. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका यांचा सहभाग असलेली ही वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ ला ६५० किलोमीटरच्या कक्षेत गेली. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीच्या किरणोत्सारी पट्ट्याचा एक भाग खाली झुकलेला आहे. त्यातून जाताना क्ष-किरण उपकरणांवर खोट्या नोंदींचा मारा होतो. कल जितका कमी, तितकं उपग्रहाचं तिथून जाणं कमी. म्हणून ६ अंश हवे होते.

किंमत पाहा. १८ वरून ६ वर यायचं म्हणजे १२ अंश वळायचं. कक्षेत पोचल्यावर हे केलं तर १,५०० मीटरहून जास्त वेगबदल लागेल. म्हणून वरचे टप्पे पेटलेले असतानाच, वेग पूर्ण होण्याआधी, रॉकेटचं तोंड थोडं थोडं डावीकडे ठेवत कल उतरवतात. असं वळण विषुववृत्ताजवळ घेणं सर्वांत फलदायी, कारण कल बदलायची जागा तीच. ॲस्ट्रोसॅट सुमारे १,५०० किलोचा होता म्हणून हे परवडलं. २०२४ च्या १ जानेवारीला गेलेला एक्स्पोसॅटही ६ अंशांवरच आहे.

१२. कोणी पश्चिमेला सोडतं का?

इस्रायल सोडतं. पाल्माखीम ३१.९ अंशांवर आहे आणि पूर्वेला शेजारी देश आहेत, म्हणून शावित रॉकेट भूमध्य समुद्रावरून पश्चिमेला जातं. ओफेक उपग्रहांचे कल त्यामुळे १४० अंशांच्या वर असतात. जमिनीचे ३९५ मीटर मिळत नाहीत आणि उलट तेवढेच भरावे लागतात. पूर्वेच्या प्रक्षेपणाशी तुलना केली तर ८०० मीटरच्या जवळपास तोटा. तो त्यांनी उपग्रह हलके बनवून पेलला.

१३. बैकानूर ४६ अंशांवर, मग तिथली कक्षा ५१.६ का?

सरळ पूर्वेला सोडलं तर टप्पे चीनच्या हद्दीत पडण्याचा धोका असतो, म्हणून रॉकेट ईशान्येकडे वळवून सोडतात. श्रीहरिकोट्याच्या १८-१९ सारखीच ही गोष्ट, प्रश्न ५ पाहा. रशियन यानांना तिथून सहज पोचता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही ५१.६ वर ठेवलं गेलं.

१४. एखाद्या उपग्रहाचा कल स्वतः कसा तपासायचा? आणि त्यावरून तळ ओळखता येतो का?

उपग्रहांच्या कक्षेची माहिती `TLE` नावाच्या दोन ओळींच्या नोंदीत मोफत मिळते. दुसऱ्या ओळीतल्या ९ ते १६ या स्थानांवरचा आकडा म्हणजे अंशांतला कल. ॲस्ट्रोसॅटच्या नोंदीत तिथे ६ च्या आसपास दिसेल.

खालच्या कक्षेत कल वर्षानुवर्षं जवळजवळ तसाच राहतो, म्हणून १९-२० दिसलं तर श्रीहरिकोटा, २८.५ दिसलं तर फ्लोरिडा असा अंदाज बहुधा बरोबर येतो. दोन ठिकाणी तो फसतो. अंतराळ स्थानकातून सोडलेल्या छोट्या उपग्रहांचा कल ५१.६ च असतो, ते स्थानकापर्यंत कुठल्याही तळावरून गेलेले असोत. आणि इंधन संपलेल्या भूस्थिर उपग्रहाचा कल सूर्य-चंद्राच्या ओढीने वर्षाला पाऊण ते एक अंशाने वाढत जातो, साधारण १५ पर्यंत. जुन्या उपग्रहाच्या नोंदीत ८ अंश दिसले तर तो आकडा त्याच्या तळाचा नसतो, त्याला जागेवर धरून ठेवणं थांबून किती वर्षं झाली त्याचा असतो.